वेताळ टेकडी, रविवार, सकाळचे साडेसहा

फोटोत पाच जण आहेत. लातूरची, नागपूरचा, सांगलीची, जळगावचा आणि मागे डोळे मिटलेला इंदूरचा. सगळे तिशीच्या अलीकडे-पलीकडे, सगळे नोकरीपायी पुण्यात आलेले. शहर नवं असतं तेव्हा फोनमध्ये घरमालक, एजंट, डबेवाली मावशी आणि ऑफिस एवढेच नंबर असतात. आज या पाचांत प्रत्येकाच्या घराची जादा किल्ली दुसऱ्या कुणाकडे तरी आहे. "कसं जमलं रे तुमचं?" असं सारखं विचारलं जातं, म्हणून हा मजकूर लांबला. आमची वेव्हलेंग्थ वगैरे काही जुळली नव्हती. रविवार जुळला.

कॉलेजात मैत्री आपोआप झाल्यासारखी वाटते, कारण तिथे वेळापत्रक दुसरं कुणीतरी लावून देतं. तोच वर्ग, तोच कट्टा, तीच मेस, रोज. नोकरी लागली की ते वेळापत्रक जातं. मग माणूस म्हणतो, आता आपल्याला मित्र करता येत नाहीत. करता येतात, पण वेळापत्रक स्वतः लावावं लागतं.

आधी तासांचा हिशोब. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८मध्ये मांडलेला अंदाज असा: तोंडओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र जावे लागतात, मित्र म्हणण्याजोगं व्हायला ९०, आणि जिवलग व्हायला २००हून जास्त. आता टेकडी चढून-उतरून दीड तास होतो. आठवड्याला दीड तास म्हणजे ५० तासांना आठ महिने आणि २०० तासांना अडीच वर्षं. तोवर निम्म्या लोकांची बदली झालेली असते! म्हणून टेकडीनंतर नाश्ता आहे. नाश्ता आणि रेंगाळणं धरून तीन तास झाले की पहिला टप्पा चार महिन्यांवर येतो आणि शेवटचा सव्वा वर्षावर. मिसळ चविष्ट असते हे खरंच, पण तिचं खरं काम वेळ वाढवण्याचं आहे.

ऑफिसात शेजारी बसून गेलेले तास यात फारसे धरू नका. तिथल्या गप्पांना सोबत मॅनेजर लागतो. तो वजा केल्यावर बोलायला काही उरतं का, हे एकदा ऑफिसबाहेर, सुट्टीच्या दिवशी भेटूनच कळतं. उरलं तर उत्तम. नाही उरलं तर तो चांगला सहकारी आहे, तेही काही कमी नाही.

बोलावणं कसं करायचं, यात सगळ्यात जास्त गाडी अडते. "भेटू या कधीतरी" हे पुण्यात निरोप घेताना म्हणतात, त्याला आमंत्रण समजू नये. आमचा पहिला मेसेज असा होता: "रविवारी साडेसहाला पंचवटीच्या बाजूने वेताळ टेकडी चढतोय. आठपर्यंत खाली. आलात तर चहा घेऊ, नाही आलात तरी मी जाणारच आहे." यात वार आहे, वेळ आहे, जागा आहे आणि संपायची वेळसुद्धा आहे. शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं: समोरच्याला नकार द्यायचं ओझं राहत नाही आणि बोलावणारा एकटा पडला तरी त्याची सकाळ वाया जात नाही. पहिल्याच भेटीला रात्रीचं जेवण ठेवू नये. तीन तास समोरासमोर बसायचं, बिलाचं काय करायचं ते माहीत नाही, उठायचं कधी ते माहीत नाही. चालताना गप्प बसलं तरी खटकत नाही, कारण दोघांचंही लक्ष पायाखालच्या मुरमाकडे असतं.

ग्रुपमध्ये पोल टाकू नका. "शनिवार की रविवार, सकाळ की संध्याकाळ" असं विचारलं की चार पर्यायांना प्रत्येकी एक मत पडतं आणि कुणीच भेटत नाही. एकाने वेळ ठरवायची आणि ती बदलायची नाही. तीन जण आले तरी जायचं, एक आला तरी जायचं. माणसं चार ते सहा असावीत. तिघांत एक गळला की दोघांवर सगळा भार येतो, आणि आठ झाले की चालता चालता दोन टोळ्या पडतात.

पावसाळ्यात वरची वाट निसरडी होते. तेव्हा जागा बदलायची, वेळ तीच. तेच साडेसहा, पण थेट चहाच्या टपरीवर. खरा घात दिवाळी करते. सगळे आपापल्या गावी जातात, आल्यावर रिटर्न तिकिटाचा शीण, मग कुणाचं तरी लग्न, आणि बघता बघता जानेवारी येतो. म्हणून गावाला निघण्याआधीच "भाऊबीजेनंतरचा पहिला रविवार, टेकडी" असं ग्रुपवर पिन करून टाकायचं.

अंतराबद्दल भाबडेपणा नको. हिंजवडीत राहणारा आणि खराडीत राहणारी यांचं कितीही जमलं तरी संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये एका बाजूचेच दीड-दोन तास जातात. पहिल्या वर्षात तरी आपल्याच बाजूची माणसं शोधावीत. आम्ही कर्वेनगर, कोथरूड, बावधन आणि पाषाणचे आहोत, आणि ते ठरवून आहे. १९५०मध्ये लिओन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआयटीतल्या विद्यार्थ्यांच्या घरांचा अभ्यास छापला. त्यातही मैत्री जास्त झाली होती ती शेजारच्या दारांशी आणि जिन्यापाशी राहणाऱ्यांशी. जिन्यात रोज दिसणारा माणूस हा फुकटचा फायदा आहे. त्याला निदान नाव विचारा.

ट्रेकिंग ग्रुपबद्दल आमचं मत थोडं कडू आहे. राजगडला बसमध्ये चाळीस जण, फोटो झकास, उतरताना सगळ्यांचे नंबर घेतलेले, आणि पुढच्या ट्रेकला चाळीस वेगळे चेहरे. पुन्हा पुन्हा तीच माणसं दिसली नाहीत तर काही साचत नाही. ट्रेकच करायचे असतील तर एकाच संस्थेबरोबर लागोपाठ तीन करा, आणि जमलं तर आयोजकांच्या मदतीला उभे राहा. सामान वाहणाऱ्याचं नाव सगळ्यांना माहीत होतं.

याउलट ढोल-ताशा पथक. पुण्यात नव्याने आलेल्याला यासारखी सोय नाही. गणपतीच्या दीड-दोन महिने आधीपासून संध्याकाळी सराव असतो, बऱ्याच पथकांचा नदीकाठी, आणि अनेक पथकं नवीन वादक घेतात. एका हाताने टिपरू, दुसऱ्याने थापी. सुरुवातीला बोटांना फोड येतात, कमरेला दोर काचतो, आणि शेजारचा आपणहून चिकटपट्टी देतो. तिथे गप्पा सुचण्याची गरजच नसते, कारण आवाजात कुणाला काही ऐकूच येत नाही. बुजऱ्या माणसासाठी वरदान आहे. एकच धोका: अनंत चतुर्दशीनंतर सगळं एकदम थांबतं आणि ग्रुप "शुभ सकाळ"वर येतो. त्यामुळे विसर्जनाआधीच दोघा-तिघांशी नंतरचं काहीतरी ठरवून ठेवावं. आमच्या पाचांतले दोघे असेच पथकातून टेकडीवर आले.

मुलींसाठी थोडं स्पष्ट. पहिल्या काही भेटी उजेडात, वर्दळीच्या जागी, स्वतःच्या गाडीने किंवा बसने. कुणाच्या मागे बसून जायची घाई नाही. लोकेशन घरच्या एकाला पाठवायचं आणि ते सगळ्यांसमोर सांगायचं. ज्याला त्याचं वाईट वाटेल, त्याचा निकाल तिथेच लागला.

पैसे त्याच दिवशी मिटवा. नाश्त्याचं बिल एकाने भरायचं, स्कूटरवर बसण्याआधी बाकीच्यांनी पाठवायचं. ऐंशी रुपये मागायला लाज वाटते आणि विसरायलाही जमत नाही. असे चार ऐंशी साठले की माणूस "पुढच्या रविवारी जरा काम आहे" म्हणायला लागतो. आणि हॉटेल निवडताना बघा: चतुर्थी असली तर साबुदाणा खिचडी मिळते का, जो बाहेरचं खात नाही त्याला स्वतःचा डबा उघडू देतात का. दर वेळी एकच माणूस नुसता चहा पीत बसला असेल तर तो हळूच गळतो.

ओळखीचं मैत्रीत रूपांतर कुठे होतं? आमच्या मते, मदत मागितल्यावर. करण्यापेक्षा मागणं अवघड जातं, कारण आपल्याला लहानपणापासून "कुणाला त्रास देऊ नये" हे शिकवलेलं असतं. लहान मागण्यांपासून सुरुवात करावी: ड्रिल मशिन दे, घर बघायला सोबत चल, सिलिंडर येणार आहे तेव्हा तासभर माझ्याकडे थांब. मग मोठ्या. डेंग्यूच्या तापात प्लेटलेट्सचा रिपोर्ट आणायला कुणी जायचं? दवाखान्याच्या फॉर्मवर "जवळचा संपर्क" म्हणून साडेतीनशे किलोमीटरवरच्या बाबांऐवजी कुणाचा नंबर लिहायचा? ज्याचा लिहिला त्याला सांगा मात्र. त्याला ते आवडतं.

बोलण्याचं म्हणाल तर पहिले दोन-तीन महिने डिपॉझिट, पाण्याचा टँकर आणि भाडं यातच जातात. ते चालायचंच. एके दिवशी कुणीतरी खरं काही बोलतं: नोकरी जाणार आहे, लग्नाची बोलणी मोडली, आईशी महिनाभर बोलणं नाही. तेव्हा सल्ला देऊ नये आणि "माझंही असंच झालं होतं" म्हणून विषय स्वतःकडे ओढू नये. "मग?" एवढं पुरतं.

घरी आल्यावर "आपण जरा जास्तच बोललो का?" असं वाटत राहतं. तर २०१८मध्येच छापून आलेला आणखी एक अभ्यास असा, की अनोळखी माणसाशी पहिल्यांदा बोलल्यावर आपण त्याला जितके आवडलो असं आपल्याला वाटतं, त्याहून प्रत्यक्षात जास्त आवडलेले असतो. दोन्हीकडे तीच धाकधूक. तेव्हा दुसरा मेसेज आपणच करावा.

आणि हेही सांगायला हवं: काही जण दोनदा आले आणि गेले. एकाची बदली झाली, एकीला आम्ही आवडलो नाही. कुणी सलग तीन मेसेजना उत्तर दिलं नाही तर चौथा करू नये, राग धरू नये, ग्रुपमधून काढूही नये. आणि गावाकडचा जुना ग्रुप काही सुटत नाही. तिथे आपलं टोपणनाव सगळ्यांना माहीत आहे, इथे आडनावाचं स्पेलिंग सांगावं लागलं. कुणाचा आवाज तिकडूनच ऐकावासा वाटतो, अशा रात्री अजूनही येतात.

या रविवारी साडेसहाला, पंचवटीच्या बाजूने. दहा मिनिटं थांबू, मग चढू. लिटरभर पाणी, पकड असलेले बूट, चहाला सुटे. इंदूरवाला शेव आणणार आहे, त्यामुळे मिसळीवर शेव कमी पडल्याची तक्रार चालणार नाही. नवीन असाल तर "फोटोतले ते पाच" एवढं विचारा. डोळे मिटलेल्याला ओळखायला सोपं जाईल, तो प्रत्यक्षातही साडेसहाला तसाच असतो.

#वेताळटेकडी #पुण्यातनवीन #रविवारठरलेला