खुर्चीचा मेसेज, ॲडमिनला पाठवण्याजोगा करून

प्राची,

तुझा मेसेज रात्री वाचला. सरांना पाठवायच्या आधी मला दाखवलास ते बरं केलंस. स्टोअरला यायच्या आधी मी सात वर्षं ॲडमिनमध्ये काढली, तेव्हा असले मेसेज माझ्याच टेबलावर यायचे. त्यातल्या बऱ्याच मेसेजचं पुढे काय व्हायचं ते तुला सांगत नाही.

आधी तुझंच लिखाण जसंच्या तसं ठेवते, म्हणजे काय गेलं आणि काय राहिलं ते तुला समोरासमोर दिसेल.

«सर गुड ईव्हनिंग. ती माझी खुर्ची आता बदलाच प्लीज 🙏 कंबरेचा पार भुगा झालाय. हायड्रॉलिक तर कधीच गेलंय, सकाळी वर करते आणि चहा येईपर्यंत मी खाली. घरून उशी आणून बसते, लोक हसतात. डॉक्टर म्हणाले एल ४ एल ५ मध्ये गॅप आहे, असंच बसलीस तर अवघड होईल. रोज नाशिकरोडवरून गाडीवर येते, त्यात रस्ते असे, आणि वर ही खुर्ची. केबिनमध्ये तीन नव्या खुर्च्या आल्या, मग आमच्यासाठी का नाही? बसायची नीट सोय देणं कायद्यात पण आहे असं ऐकलंय. बघा काहीतरी. लवकर.»

यातलं एकही वाक्य खोटं नाही, हे मला माहीत आहे. चहा येईपर्यंत खाली जातेस हे तर मी डोळ्यांनी पाहिलंय. पण हा मेसेज वाचून सर काय करतील? «बघू» म्हणतील. कारण त्यांना खुर्ची स्वतः घेता येत नाही, वर मंजुरीला पाठवावी लागते, आणि हा मेसेज वर पाठवता येत नाही. आपल्याला असं लिहायचंय की सरांना फक्त «फॉरवर्ड» दाबावं लागेल आणि वरून एकही प्रश्न परत येणार नाही.

तू मोजून दिलेली मापं आणि दोन्ही कोटेशनं घेऊन हा मेल तयार केलाय. असाच पाठव.

विषय: बिलिंग विभागातील माझ्या जागेसाठी एर्गोनॉमिक खुर्ची व फूटरेस्ट मिळण्याबाबत विनंती

आदरणीय सर,

नमस्कार.

मी बिलिंग विभागात, पहिल्या मजल्यावर जिन्यालगतच्या टेबलावर काम करते. इनव्हॉइस, ई-वे बिल आणि जीएसटीचे काम संगणकावर असल्यामुळे दिवसातील सुमारे साडेसात तास बसून काम करावे लागते. गेल्या चार महिन्यांपासून मला कंबरदुखीचा त्रास होत आहे. अस्थिरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने फिजिओथेरपी सुरू आहे. बसताना कंबरेच्या खालच्या भागाला आधार असावा, पाय पूर्ण टेकलेले असावेत आणि दर अर्ध्या तासाने थोडे उठावे, असे त्यांनी लेखी सुचवले आहे. सल्ल्याची प्रत सोबत जोडली आहे.

माझ्या सध्याच्या खुर्चीची स्थिती अशी आहे. तिची गॅस लिफ्ट टिकत नाही. उंची वाढवल्यावर साधारण अर्ध्या तासात बैठक पुन्हा सर्वांत खाली, जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर येते. टेबलाची उंची ७५ सेंटिमीटर आहे. त्यामुळे माझे कोपर टेबलाच्या सुमारे १३ सेंटिमीटर खाली राहतात आणि खांदे उचलून, पुढे वाकून टायपिंग करावे लागते. पाठीचा भाग सपाट असून कंबरेजवळ टेकत नाही. पाच चाकांपैकी एक चाक तुटलेले आहे. डिसेंबरमध्ये आपल्या सहकार्याने गॅस लिफ्ट एकदा बदलून घेतली होती, त्याबद्दल आभारी आहे. मात्र दोन महिन्यांत तीच अडचण पुन्हा सुरू झाली.

आपणास विनंती आहे की, माझ्या जागेसाठी पुढील सोयी असलेली एक खुर्ची मिळावी: बैठकीची उंची किमान ५० सेंटिमीटरपर्यंत वाढवता येणारी आणि तिथे टिकणारी, कंबरेचा आधार वर-खाली करता येणारा, बैठकीची खोली कमी करता येणारी, आणि खुर्चीचे हात टेबलाखाली जाण्याइतके खाली घेता येणारे. माझी उंची १५५ सेंटिमीटर आहे. टेबलाच्या उंचीला जुळेल इतकी खुर्ची वर घेतल्यास पाय जमिनीला टेकत नाहीत, म्हणून सोबत साधारण १० सेंटिमीटर उंचीचे फूटरेस्टही लागेल. हे फूटरेस्ट आपल्या पॅकिंग विभागात लाकडापासून करून घेता येईल, वेगळ्या खरेदीची गरज नाही.

आपल्या सोयीसाठी शहरातील दोन विक्रेत्यांकडून कोटेशन घेतले आहे. एका खुर्चीची किंमत ९,८०० रुपये असून १८ टक्के जीएसटीसह ११,५६४ रुपये होते. दुसरीची किंमत १२,४०० रुपये असून जीएसटीसह १४,६३२ रुपये होते. पहिल्या खुर्चीत वरील सर्व सोयी आहेत. मी ती दुकानात अर्धा तास बसून पाहिली असून ती मला पुरेशी आहे. तिच्यावर तीन वर्षांची वॉरंटी असून त्यात गॅस लिफ्टचा समावेश आहे. अर्थात खरेदीबाबतचा निर्णय आपण नेहमीच्या पद्धतीनुसार घ्यावा. स्टोअरमध्ये किंवा अन्य विभागात अशी खुर्ची उपलब्ध असल्यास तीही चालेल.

मंजुरीला वेळ लागणार असल्यास तोपर्यंत मीटिंग रूममधील काळ्या जाळीच्या खुर्च्यांपैकी एक वापरण्याची परवानगी मिळावी. मीटिंगच्या वेळी मी ती स्वतः परत नेऊन ठेवीन.

शक्य झाल्यास या महिन्याच्या २० तारखेपूर्वी कळवावे, ही विनंती. खुर्चीची स्थिती प्रत्यक्ष पाहायची असल्यास सकाळी अकरानंतर मी जागेवर असते.

आपली विश्वासू,
प्राची
बिलिंग विभाग

सोबत: डॉक्टरांच्या सल्ल्याची प्रत, दोन कोटेशन, खुर्चीचे दोन फोटो.

आता तू विचारशील, एल ४ एल ५ का काढलं. बाई, हा मेल सर, मग अकाउंट्स, मग मोठ्या साहेबांचे पीए आणि पुढे फाईलला लावणारा पोरगा, इतक्या जणांच्या नजरेखालून जाणार. तुझ्या मणक्यात काय आहे ते या सगळ्यांना कशाला? डॉक्टरांनी बसण्याबद्दल काय सांगितलं तेवढंच कामाचं. म्हणून एमआरआयचा रिपोर्ट जोडू नकोस, फक्त ती सल्ल्याची चिठ्ठी जोड. तिच्यावर निदान लिहिलेलं असेल तर डॉक्टरांना विनंती करून बसण्याच्या सूचनांची साधी चिठ्ठी वेगळी घे. तेवढं ते देतात.

रस्त्याचं वाक्यही मुद्दाम काढलंय. नाशिकरोड ते अंबड गाडीवर म्हणजे काय, ते माझ्याही कंबरेला माहीत आहे. पण तू स्वतःच ते लिहिलंस की समोरच्याच्या हातात आयतं उत्तर: «कंबर खड्ड्यांनी गेली, खुर्चीचा काय दोष?» मग तू कितीही मापं दे.

केबिनच्या तीन खुर्च्यांचं तर नावच काढू नको. तुझा राग बरोबर आहे, मलाही आला होता. पण त्या खुर्च्या ज्यांनी मागवल्या त्यांच्याच सहीसाठी तुझा कागद जाणार आहे.

कायद्याचं जरा सविस्तर सांगते, कारण ते तू कुणाकडून तरी अर्धवट ऐकलंयस. लोक जे सांगतात ते १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमधलं कलम ४४, आणि तो कायदाच नोव्हेंबर २०२५ मध्ये जाऊन त्याच्या जागी नवा लेबर कोड आला. त्या कलमात बसायच्या सोयीबद्दल लिहिलं होतं खरं, पण ज्यांना उभं राहून काम करावं लागतं त्यांच्यासाठी: मध्ये संधी मिळाली तर त्यांना टेकता यावं म्हणून. म्हणजे आपल्या प्रेस शॉपमधल्या पोरांसाठी. तू दिवसभर बसलेलीच असतेस. ते कलम तुझ्या मेलमध्ये आलं असतं तर मोठ्या साहेबांनी पहिल्याच मिनिटात खोडून काढलं असतं, आणि खोडलेल्या कागदावर खुर्ची मिळत नाही. शिवाय पहिल्याच पत्रात कायदा काढला की समोरचा खुर्ची बघत नाही, तुला बघतो.

«हायड्रॉलिक» आपण सगळेच म्हणतो. आत गॅसचा सिलेंडर असतो, आणि डिसेंबरच्या दुरुस्तीच्या बिलावर «गॅस लिफ्ट» असंच लिहिलंय. मी फाईल काढून पाहिली. दोन्हीकडे एकच शब्द आला की अकाउंट्सवाले ते बिल शोधतात, त्यांना ते सापडतं, आणि «दुरुस्त करून का घेत नाही» हा प्रश्न तिथेच मिटतो. सगळ्यात आधी हाच प्रश्न येतो, लिहून ठेव. म्हणून दुरुस्तीची ओळ आभारासकट घातली. आभार खोटे वाटत असतील तरी राहू दे, तो मेकॅनिक सरांनीच बोलावला होता.

किमतीबद्दल: «चांगली खुर्ची द्या» म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यासमोर पंचवीस हजारांची येते. आकडा आपणच दिलेला बरा. आणि दोनपैकी स्वस्त खुर्ची पुरते हे तूच म्हणालीस की घासाघीस करायला काही उरत नाही. जीएसटीचं क्रेडिट मिळतं हे तुला मी सांगायचं का! फक्त बिल कंपनीच्या नावावर आणि जीएसटी नंबरसकट घ्यायला सांग, दुकानदार घाईत «कॅश» लिहून मोकळे होतात.

फोटोंचं नीट बघ. एक फोटो तुटलेल्या चाकाचा. दुसरा बाजूने, तू बसलेली असताना, कोपर आणि टेबलाची कड एकत्र दिसेल असा. टेप धरून काढ, आकडा वाचता आला पाहिजे. उशी काढून ठेव आधी, नाहीतर मापं चुकतील आणि कोणीतरी म्हणेल उशीवर तर छान बसलीये. चेहरा आला नाही तर उत्तम.

मेल ११ तारखेच्या आत पाठवू नको. जीएसटीआर-१ च्या गडबडीत तुझाच मेल तुझ्याच विभागाच्या मेलांखाली गाडला जाईल. १२ ला सकाळी पाठव, दहाच्या सुमारास, आणि मग साडेअकराला चहाच्या वेळी सरांना तोंडी एकच वाक्य: «सर, खुर्चीचा एक मेल टाकलाय, सवडीने बघाल का?» बस. तिथे उभी राहून गाऱ्हाणं सांगू नको.

२० तारखेपर्यंत काही आलं नाही तर त्याच मेलला उत्तर म्हणून हे टाक:

आदरणीय सर, नमस्कार. खुर्चीबाबतचा माझा १२ तारखेचा मेल आपल्या माहितीसाठी पुन्हा पाठवत आहे. माझ्याकडून आणखी काही माहिती किंवा कागद हवे असल्यास कृपया कळवावे. मीटिंग रूममधील खुर्ची तात्पुरती वापरण्यास परवानगी मिळाल्यास तेवढ्यानेही सध्या मोठी मदत होईल. धन्यवाद. प्राची, बिलिंग विभाग.

यातही «अजून उत्तर नाही» असं कुठे म्हटलेलं नाही, बघ. उत्तर नाही हे त्यांना कळतंच.

आणि एक. स्टोअरमध्ये बेअरिंगच्या मालाची एक रिकामी लाकडी पेटी पडून आहे, उंची बरोबर चार इंच. मी खिळे ठोकून वरून रबर शीट लावून ठेवलीये. उद्या येताना घेऊन जा, पायाखाली ठेव. गेटपास लागत नाही, आतल्या आतच आहे.

ताई