उत्तराधिकारी नियोजन : व्यवस्थापन समितीसाठी सारांश (गोपनीय)

यंदा ६ कळीची पदे तपासली. पद कळीचे ठरवताना एकच कसोटी लावली : खुर्ची ३ महिने रिकामी राहिली तर उत्पादन, ग्राहक किंवा रोकड यांपैकी काय अडेल? हुद्द्याची उंची पाहिली नाही.

कागदावर ६ पदांसाठी ९ नावे आहेत. प्रत्यक्षात माणसे ६. खरेदी विभागाच्या उपव्यवस्थापकांचेच नाव ३ ठिकाणी आहे आणि निर्यात विक्रीतील एकाचे २ ठिकाणी. त्यांना एका जागी बसवले की बाकीच्या जागा उघड्या पडतात.

सर्वांत मोठी जोखीम टूल रूम प्रमुखांच्या जागी आहे. ते २२ महिन्यांनी निवृत्त होतील आणि त्यांच्यामागे कोणीही नाही. कोणता साचा कधी घासायचा, कुठल्या मशीनवर किती सैल ठेवायचा, हे सारे त्यांच्या डोक्यात आहे. हे ज्ञान पुस्तिका लिहून घेऊन उतरणार नाही, शेजारी उभे राहूनच उतरेल. म्हणून २ वरिष्ठ फिटर निवडून पुढील तिमाहीपासून त्यांना पूर्णवेळ त्यांच्या हाताखाली द्यावे. या फिटरांच्या जागी माणसे लागतील. त्या खर्चाला मंजुरी हवी.

कारखाना प्रमुख १४ महिन्यांनी निवृत्त होत आहेत. उत्पादन व्यवस्थापकांना गेल्या वर्षी आपण ‘आत्ता तयार’ म्हटले होते. ते मी ‘१ ते २ वर्षे’ असे खाली आणले आहे. काम उत्तम आहे, पण त्यांनी अंदाजपत्रक कधी बांधलेले नाही आणि कामगार संघटनेशी बोलणीही केलेली नाहीत. येत्या वेतन करारात ते आपल्या बाजूने पुढे बसतील. प्रमुख रजेवर असताना ६ आठवडे सहीच्या अधिकारासह पूर्ण कारभार त्यांच्याकडे राहील. मागच्या रजेत प्रत्येक निर्णय फोनवरूनच होत होता; तसे झाले तर ही चाचणी ठरणार नाही.

वित्त प्रमुखांच्या जागी आज बसू शकेल अशी एक व्यक्ती आहे. तिथे अडचण तयारीची नाही, ती व्यक्ती टिकण्याची आहे. ४ वर्षे एकाच हुद्द्यावर काढल्यावर बाहेरून फोन येतातच. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी या महिन्यात स्वतः बोलावे. एचआरने बोलून तोच परिणाम होणार नाही.

गुणवत्ता आणि निर्यात विक्रीसाठी प्रत्येकी एक नाव ‘१ ते २ वर्षे’ या गटात आहे. त्यांची विकास योजना ठरलेली असून वेळेवर चालू आहे. खरेदी प्रमुखांसाठी वरील उपव्यवस्थापकच योग्य आहेत. त्यांचे नाव अन्य २ पदांवरून काढावे आणि त्या जागांसाठी नवी नावे विभागप्रमुखांनी ३० दिवसांत द्यावीत.

निवडलेल्यांना हे सांगायचे का, यावर समितीत दोन मते आहेत. माझे मत : विकासाची कामे मोकळेपणाने सांगावीत, पदाचे आश्वासन देऊ नये. यावर निर्णय याच बैठकीत हवा, कारण टूल रूममधील निवड लपून राहणार नाही.