डिझाइन टिपण: चार पाइलची कॅप पीसी-४, केळी पॅकहाउस, रावेर

तापीकाठचा गाळ खोल आणि वर काळी माती, म्हणून इथे ५०० मिमी व्यासाचे बोअर्ड पाइल घेतले आहेत. अंतर १५०० मिमी, म्हणजे व्यासाच्या तिप्पट. कॅप २३०० × २३०० × ९०० मिमी, कॉलम ५०० × ५००, एम३० काँक्रीट, एफई५०० सळई. आयएस ४५६:२००० आणि आयएस २९११ धरून.

कॉलमचा भार २००० केएन, एका दिशेने मोमेंट १०० केएनएम, कॅपचं वजन ११९. सर्वाधिक लोड येणाऱ्या पाइलवर ५३० + ३३ = ५६३ केएन. मातीच्या अहवालातली सुरक्षित क्षमता ६०० आहे, त्यामुळे बसतं. फॅक्टर्ड हिशोबात कॅपचं वजन वगळून एका पाइलची प्रतिक्रिया ७५० + ५० = ८०० केएन.

बेंडिंग: कॉलमच्या तोंडाशी २ × ८०० × ०.५ = ८०० केएनएम. प्रभावी खोली ७९५ मिमी. लागणारी सळई २३६५ चौ.मिमी, किमान ०.१२ टक्क्याने २४८४. "मग २० मिमीचे ८ बार पुरतात की," असं ठेकेदारांनी विचारलं आहे. नाही पुरत. कॅप इतकी जाड आणि पाइल इतके जवळ असले की ती तुळईसारखी वाकत नाही. कॉलमचा भार तिरक्या दाबपट्ट्यांनी पाइलवर उतरतो आणि खालची सळई त्यांना ताणून धरते. तो ताण:

```
T = 800 x 0.75 / 0.795 = 755 kN
Ast = 2 x 755000 / (0.87 x 500) = 3470 mm²
```

म्हणून दोन्ही दिशांना २० मिमीचे १२ बार (३७७० चौ.मिमी): प्रत्येक पाइल-ओळीवर ४, मध्ये ४. टोकं ९० अंशात वर ६०० मिमी वळवायची. एम३० मध्ये या बारला ९०६ मिमी विकास लांबी लागते आणि पाइलच्या मध्यापासून कडेपर्यंत जेमतेम ३२५ मिळते. हे वळण आखूड केलेलं चालणार नाही.

शिअर: पाइलवरच्या कॅपला संहितेत छेद कॉलमच्या तोंडापासून d/2 वर, म्हणजे ३९७ मिमीवर. पाइलचा मध्य त्याच्या १०२ मिमी बाहेर येतो, म्हणून दोन पाइलच्या प्रतिक्रियेचा ०.७०५ भाग, ११२८ केएन. शिअरचा ताण ०.६२ एन/चौ.मिमी, तर ०.२०६ टक्के सळईला τc फक्त ०.३३५. इथे घाबरून खोली वाढवू नये. कलम ४०.५ प्रमाणे आधाराजवळची वाढ मिळते. av पाइलच्या मध्यापर्यंत ५०० धरला तरी ३.१८ पट, म्हणजे १.०६. पूर्ण १६०० केएन लावले तरी ताण ०.८८. स्टिरप नकोत.

पंचिंग: पूर्ण ३००० केएन कॉलमभोवती ५१८० मिमी परिघावर ०.७३, कोपऱ्यातल्या पाइलला ०.५५. मर्यादा १.३७. कॉलमच्या तोंडाशी १.८९, कमाल ३.५. सगळं आत.

साइटवर: पाइलचं डोकं कॅपमध्ये ५० मिमी घ्या, खालचं कव्हर ७५ मिमी. कव्हर ब्लॉक काँक्रीटचेच, फरशीचे तुकडे नकोत. कॅपला ४.८ घनमीटर काँक्रीट एका दमात लागेल. मे महिन्यात ओतायचं झाल्यास पहाटे सुरू करा आणि सळयांवर आधी पाणी मारा.