विषय: डेटाबेसची आवृत्ती बदलणे – शुक्रवार, ११ सप्टेंबरपर्यंत आपली मंजुरी हवी

मॅडम,

आपला मुख्य डेटाबेस पोस्टग्रेस १४ वरून १७ वर न्यायला आपली मंजुरी हवी आहे. मार्ग दोन आहेत, माझी शिफारस पहिल्याची. शुक्रवारी, ११ सप्टेंबरला संध्याकाळी ५ पर्यंत नुसतं "पर्याय १" किंवा "पर्याय २" एवढं उत्तर आलं तरी पुढचं मी बघते.

आत्ताच का, तर १४ साठी शेवटच्या दुरुस्त्या १२ नोव्हेंबर २०२६ ला येणार आहेत. १३ तारखेला काही बंद पडणार नाही, उगीच घाबरवायचं नाही. पण त्यानंतर सुरक्षेची जी भोकं सापडतील ती आपल्याकडे उघडीच राहतील. म्हणून "काहीच करायचं नाही" हा पर्याय मी धरलेला नाही.

पर्याय १: रात्री सेवा बंद ठेवून जागच्या जागी बदल
रविवार, २७ सप्टेंबर, पहाटे २ ते ४. सेवा बंद करून डिस्कचा स्नॅपशॉट घ्यायचा आणि pg_upgrade --link चालवायचं. यात डेटाची नक्कल होत नाही, जुन्याच फाइली नवी आवृत्ती वापरते, म्हणून काम झटपट होतं. चाचणी सर्व्हरवर ६०० जीबीच्या पूर्ण प्रतीवर दोनदा करून पाहिलं: मूळ बदलाला ४ मिनिटं लागली. खरा वेळ नंतर जातो. क्वेरींसाठी लागणारी आकडेवारी नव्या आवृत्तीत आपोआप येत नाही, ती पुन्हा गोळा करायला ५० मिनिटं लागली. ते न करता सेवा उघडली तर सगळं चालेल, पण रखडत चालेल आणि सकाळी पहिला फोन आपल्यालाच येईल.

यातली उणी बाजूही सांगते. नवी आवृत्ती एकदा सुरू झाली की जुनी पुन्हा वापरता येत नाही. मागे यायचं तर स्नॅपशॉटवरूनच. त्याला चाचणीत ३५ मिनिटं लागली. सेवा लोकांसाठी उघडल्यावर मागे आलो तर मधल्या नोंदी जातील, म्हणून पुढे जायचं की मागे हे ३:१५ ला, दार उघडण्याआधीच ठरवायचं.

पर्याय २: शेजारी नवा सर्व्हर उभा करून हळूहळू हलवणे
लॉजिकल रेप्लिकेशनने डेटा नव्या सर्व्हरवर सतत पाठवत राहायचा आणि शेवटी अदलाबदल करायची. सेवा जेमतेम १० मिनिटं बंद राहील आणि जुना सर्व्हर शाबूत राहील. पण:
– आत्ताच्याच ताकदीचा दुसरा सर्व्हर तीन आठवडे भाड्याने घ्यावा लागेल.
– आपल्या १४ टेबलांना प्रायमरी की नाही. ती तशीच रेप्लिकेशनमध्ये घेतली, तर त्यांतली नोंद बदलायला किंवा खोडायला गेल्यावर चालू डेटाबेसच ती नाकारेल. म्हणजे आधी १४ टेबलं दुरुस्त करायची.
– टेबलांच्या रचनेतले बदल आणि सीक्वेन्स यात आपोआप जात नाहीत. त्यामुळे तीन आठवडे रचना गोठवावी लागेल, आणि बिलिंगच्या टीमचं नवं काम तेवढं अडकेल. त्यांच्याशी मी बोलले आहे. थांबता येईल म्हणाले, पण खुशीने नाही.

माझी शिफारस पर्याय १. पहाटे २ ते ४ मध्ये गेल्या तीन महिन्यांत एकाही रविवारी ४० च्या वर लोक आत नव्हते. तेवढ्यांची दोन तासांची गैरसोय टाळायला तीन आठवड्यांचं काम आणि एका टीमची अडवणूक मला पटत नाही. सेवा दोन तास बंद ठेवणं चालणारच नसेल, अशी ग्राहकांना दिलेली हमी आपल्या माहितीत असेल, तर मात्र पर्याय २ च घ्यावा लागेल. करारांत मला तशी सापडली नाही.

११ तारीख का, तर सेवा बंद ठेवण्याची सूचना ग्राहकांना १५ दिवस आधी द्यावी लागते. २७ साठी शेवटचा दिवस १२, आणि तो शनिवार आहे. सूचनेचा मसुदा सोबत जोडला आहे, होकार आला की त्याच संध्याकाळी पाठवते. पर्याय २ ठरला तर सर्व्हरची मागणी सोमवारी, १४ ला टाकते.

शुक्रवारपर्यंत ठरलं नाही, तर मी होकार गृहीत धरणार नाही. काम महिन्याच्या पुढच्या शेवटच्या रविवारी, २५ ऑक्टोबरला जाईल. मग मुदतीला १८ दिवस उरतात आणि एखादा प्रयत्न फसला तर दुसऱ्याला जागा राहत नाही.

बोलायचं असेल तर गुरुवारी ११ ते १ मी मोकळी आहे, दहा मिनिटं पुरतील.

आपली,
स्नेहल
डेटाबेस विभाग

सोबत: चाचणीच्या दोन्ही फेऱ्यांची नोंद, ग्राहकांच्या सूचनेचा मसुदा