मावशीची खानावळ आणि वाढलेलं भाडं

विद्यार्थी : सर, मावशीच्या खानावळीचं भाडं १२ हजारांवरून १५ हजार झालं. आता ९० ची थाळी १०० ला करावीच लागणार ना?

सर : थांब. एका थाळीमागे भाजी, पीठ, तेल, गॅस किती?

विद्यार्थी : ५५ रुपये.

सर : आणि रोज थाळ्या किती जातात?

विद्यार्थी : ६०. शंभर केले तर ४० वर येतील, शेजारीच दुसरी खानावळ आहे.

सर : मग मांड. ९० ला सुटतात ३५, गुणिले ६०.

विद्यार्थी : २१००. शंभरला ४५ गुणिले ४०, म्हणजे १८००.

सर : आता भाडं वजा कर. जुनं दिवसाला ४००, नवं ५००.

विद्यार्थी : जुन्या भाड्यात १७०० आणि १४००. नव्यात १६०० आणि १३००... फरक तोच, ३०० चा!

सर : कारण भाडं दोन्हीकडून सारखंच वजा होतं. शंभर परवडणार असते, तर ते आधीही परवडले असते. तेल महागलं तर गोष्ट वेगळी, ते प्रत्येक थाळीत पडतं.

विद्यार्थी : मग मावशीचे ३ हजार गेलेच?

सर : गेलेच. थाळीला ५५ च्या वर मिळतंय, तोवर चूल पेटती ठेवायची. बंद ठेवली तरी करार संपेपर्यंत भाडं भरायचंच आहे. करार कधी संपतो?

विद्यार्थी : मार्चमध्ये.

सर : तेव्हा मात्र भाडं हिशेबात धर. जागा ठेवायची की सोडायची, हे त्यावरच ठरेल.