लोणचे आणि जॅम का टिकतात? मीठ, साखर आणि जलक्रियाशीलता

पावाच्या ताज्या स्लाइसमध्ये साधारण ३५ ते ४० टक्के पाणी असते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा जॅम नीट आटवला तर त्यातही जवळपास तेवढेच, म्हणजे सुमारे ३५ टक्के पाणी राहते. तरीही पावाला चार-पाच दिवसांत बुरशी येते आणि जॅम महिनोन्‌महिने टिकतो. म्हणजे पदार्थ टिकणे हे त्यात पाणी किती आहे यावर ठरत नाही, त्यातले किती पाणी सूक्ष्मजीवांच्या हाती लागते यावर ठरते. हे मोजण्याचे माप म्हणजे जलक्रियाशीलता.

aw = p / p₀

यात p हा पदार्थावरच्या बाष्पाचा दाब आणि p₀ हा त्याच तापमानाला शुद्ध पाण्यावरचा दाब. शुद्ध पाण्याची aw १ असते. पदार्थ नासवणारे बहुतेक जिवाणू ०.९१ च्या खाली वाढत नाहीत. बहुतेक यीस्ट ०.८८ च्या आणि बहुतेक बुरशी ०.८० च्या आसपास थांबतात. अन्नविषबाधा करणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस मात्र ०.८६ पर्यंत वाढू शकतो.

मीठ पाण्यात विरघळले की सोडियम व क्लोराइडचे आयन सुटे होतात आणि पाण्याचे रेणू त्यांच्याभोवती जमतात. साखरेच्या रेणूवरचे हायड्रॉक्सिल गट हायड्रोजन बंधांनी पाणी धरून ठेवतात. पाणी भांड्यातच असते, पण त्याची बाष्प होण्याची आणि पेशीत शिरण्याची ओढ कमी होते. राउल्टच्या नियमानुसार विरल द्रावणात aw ही पाण्याच्या मोल-अंशाइतकी, म्हणजे एकूण कणांत पाण्याच्या रेणूंचा जेवढा वाटा तेवढी असते. म्हणून इथे विरघळलेल्या कणांचे वजन गौण आहे, त्यांची संख्या महत्त्वाची.

हे कैरीच्या लोणच्यावर पडताळून पाहू. १ किलो फोडींत अंदाजे ८५० ग्रॅम पाणी धरले, तर ते ४७.२ मोल होते. त्याला १५० ग्रॅम मीठ लावले तर २.५७ मोल मीठ, म्हणजे ५.१३ मोल आयन मिळतात. मग

aw ≈ ४७.२ / (४७.२ + ५.१३) ≈ ०.९०

हाच परिणाम साखरेने साधायचा तर ५.१३ मोल साखर लागेल. साखरेचा एक मोल ३४२ ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ पावणेदोन किलो! दीडशे ग्रॅम मिठाचे काम करायला पावणेदोन किलो साखर, हा फरक मला या संपूर्ण विषयातला सर्वांत बोलका वाटतो. प्रत्यक्षात साखर यापेक्षा कमी, सुमारे बाराशे ग्रॅम पुरते, कारण घट्ट पाकात साखरेचा प्रत्येक रेणू अनेक जलरेणू अडकवतो आणि द्रावण आदर्श राहत नाही. शिवाय जॅम शिजताना फळातल्या आम्लामुळे काही साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. एका रेणूचे दोन झाले की aw आणखी उतरते.

फोडींना मीठ चोळून ठेवले की सकाळपर्यंत खार सुटतो आणि फोडी आक्रसतात. जिवाणूच्या पेशीवरही हीच वेळ येते. परासरणाने पाणी बाहेर जाते आणि पेशीद्रव भिंतीपासून सुटतो. पेशी प्रोलिनसारखे पदार्थ आत साठवून पाणी टिकवायला बघते. त्यातच तिची ऊर्जा खर्च होते आणि वाढ खुंटते. ती मरतेच असे नाही. म्हणूनच ओला चमचा बरणीत घातला की दबलेले जीव पुन्हा वाढू शकतात.

०.९० ला बहुतेक जिवाणू थांबतात, पण यीस्ट आणि बुरशी थांबत नाहीत, हे वरच्या आकड्यांवरून दिसतेच. लोणच्यात त्यांना कैरीचे आम्ल, मोहरीतले तिखट घटक आणि वरचे तेल मिळून रोखतात. तेलामुळे aw कमी होत नाही, ते फक्त हवा अडवते. त्यामुळे तेल भरपूर आहे म्हणून मीठ कमी घालणे चुकीचे आहे. जॅममध्येही हेच. एकट्या साखरेवर भिस्त नसते, उकळ आणि फळाचे आम्ल सोबतीला असतात. केवळ कोरडेपणाच्या जोरावर टिकणारा पदार्थ हवा असेल तर तासगावचा बेदाणा बघावा. त्याची aw ०.६० च्या आसपास असते आणि तिथे जवळजवळ काहीच वाढत नाही.

aw ला १०० ने गुणले की त्या पदार्थाशी समतोलात असलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता मिळते. संपृक्त मिठाच्या द्रावणासाठी ती ७५ टक्के आहे, म्हणून पावसाळ्यात उघड्या मिठाला पाणी सुटते. जॅमची aw ०.८२ धरली आणि महाबळेश्वरच्या जुलैतल्या हवेची आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर असली, तर उघडी बरणी हवेतले पाणी ओढते. वरचा थर आधी पातळ होतो आणि बुरशी नेमकी तिथूनच धरते. जॅमची वाफ निघण्याआधी झाकण लावून बरणी तशीच उभी ठेवली तरी हेच घडते: वाफेचे थेंब झाकणावरून पृष्ठभागावर पडतात आणि खालचा जॅम ठीक असताना वरचा थर मात्र ०.९० च्या पलीकडे जाऊ शकतो.