रविवारी ठरलेल्या नाटकाच्या कामाविषयी

फोंडा, २८ सप्टेंबर २०२६

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

काल आपण म्हापशाहून वेळ काढून आलात, देवळासमोरचा रंगमंच पावलांनी मोजलात आणि दुसऱ्या अंकातला वाडा त्यात कसा बसवायचा हे तिथेच खडूने आखून दाखवलेत, त्याने आमच्या मुलांना मोठा हुरूप आला आहे. बोलणे सगळे उभ्याउभ्याच झाले आणि समितीतले तिघे कामावर असल्यामुळे येऊ शकले नाहीत. त्यांना आणि खजिनदारांना दाखवण्यासाठी मी माझ्या वहीतले टिपण नीट लिहून काढले. ते आपल्या नजरेखालून गेल्याशिवाय कोणाला देणे मला प्रशस्त वाटत नाही, म्हणून आधी आपल्याकडे पाठवत आहे.

कार्तिक पौर्णिमेच्या जत्रेतील नाटकाचे दिग्दर्शन आपण करावे आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नारळ वाढवून रोज रात्री आठ ते साडेदहा तालीम घ्यावी, असे ठरले. नरकासुराची रात्र आणि तिच्या आधीचे दोन दिवस तालीम नसेल, कारण त्या दिवसांत मुले नरकासुर करण्यात गुंतलेली असतात. ही सूट आपण आपणहून दिलीत, याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत. आपले मानधन ४५,००० रुपये असून त्यातले १५,००० मुहूर्ताला, १५,००० दिवाळीनंतरच्या पहिल्या तालमीला आणि उरलेले १५,००० प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचे आहेत. पेट्रोलचा खर्च समिती वेगळा देईल. दोन स्त्री-कलाकार आपण ठरवणार आहात, मात्र त्यांचे मानधन समिती थेट त्यांच्याच हाती देईल. लेखकाची परवानगी घेण्याचे काम आमच्याकडे आहे.

ऑर्गन आणि तबल्याच्या साथीचा खर्च कोणी करायचा, यावर आपण ‘बघूया’ म्हणालात. ते मी ठरलेल्या गोष्टींत धरलेले नाही. मुहूर्तापूर्वी त्यावर पुन्हा बोलू.

दोन वर्षांपूर्वी प्रकाशयोजनेच्या बाबतीत आम्ही काहीच लिहून ठेवले नव्हते. समोरच्या गृहस्थांना एका रात्रीचे भाडे आठवत होते आणि आम्हाला दोन रात्रींचे. दोघेही खरेच बोलत होतो, तरी इतक्या वर्षांच्या घरोब्यात उगीच अवघडलेपण आले. आपल्याशी जुळलेला स्नेह आम्हाला नाटकाइतकाच मोलाचा वाटतो, त्यामुळे माझ्या ऐकण्यातली चूक आजच दुरुस्त व्हावी, एवढीच इच्छा आहे.

यात काही कमीजास्त असेल तर फोनवर सांगावे, मी लगेच सुधारून पुन्हा पाठवीन. सगळे बरोबर असल्यास व्हॉट्सॲपवर ‘ठीक’ एवढे कळवले तरी पुरे. शुक्रवारी संध्याकाळी समितीची बैठक आहे. त्याआधी आपला निरोप मिळाला तर मुहूर्ताची रक्कम त्याच बैठकीत मंजूर करून घेता येईल.

आपला नम्र,
कार्यवाह, जत्रोत्सव नाट्य समिती